एकशे चार विरुद्ध सहा

२५ ऑक्टोबर २०१६. बेलापूरच्या नवी मुंबई महापालिका मुख्यालयात त्या दिवशी विशेष महासभा होती आणि विषयपत्रिकेवर विषय एकच होता: आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावरचा अविश्वास ठराव. महापौर होते राष्ट्रवादीचे सुधाकर सोनवणे. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे राष्ट्रवादी, शिवसेना आणि काँग्रेस त्या दिवशी एका बाजूला बसले होते. भाजपचे सहा नगरसेवक दुसऱ्या बाजूला. मतदान झाले तेव्हा ठरावाच्या बाजूने १०४ आणि विरोधात ६ मते पडली.

१११ जणांच्या सभागृहात याहून मोठे बहुमत कशाला मिळेल? महापालिकेच्या निवडणुकीत एवढ्या जागा कुठल्याही पक्षाला मिळाल्या नव्हत्या. तरीही दुसऱ्या दिवशी आयुक्त आपल्या दालनात येऊन कामाला बसले, तिसऱ्या दिवशीही बसले. राज्य सरकारने हा ठराव निलंबित केला आणि मुंढे पुढचे पाच महिने, म्हणजे मार्च २०१७ पर्यंत, नवी मुंबईतच राहिले. मग त्यांची बदली पुण्याला पीएमपीएमएलमध्ये झाली. ती सरकारने केली आणि सरकारच्या सवडीने केली.

शहराने निवडून दिलेल्या १०४ जणांनी नको म्हटलेला अधिकारी पाच महिने कायद्याने कसा राहू शकतो, याचे उत्तर आपल्या महापालिकांच्या रचनेतच आहे. महापौर आणि आयुक्त यांच्या भांडणाच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचतो. त्या बातम्यांत एक अहंकारी अधिकारी असतो नाहीतर एक भ्रष्ट नगरसेवक असतो. वाचणाऱ्याने आपल्या मताप्रमाणे बाजू घ्यायची. पण माणसे बदलली तरी भांडण तेच राहते, तेव्हा स्वभावाच्या पलीकडेही काही शोधावे लागते.

मुंबई सोडून राज्यातल्या बाकीच्या महापालिका ज्या कायद्याने चालतात तो १९४९ चा. आधी त्याचे नाव मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम होते, आता ते महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम आहे. कायदा राबवण्याची जबाबदारी कोणाकोणावर, त्याची यादी या कायद्याच्या चौथ्या कलमात दिली आहे. महानगरपालिका, म्हणजे सगळे सभागृह; प्रभाग समित्या; स्थायी समिती; आयुक्त; आणि परिवहन सेवा असेल तर तिची समिती आणि व्यवस्थापक. या यादीत महापौरांचे स्वतंत्र नाव नाही. शहराचा प्रथम नागरिक म्हणून ज्याच्या गळ्यात हार पडतात तो कायद्याच्या नजरेने प्रामुख्याने सभेचा पीठासीन अधिकारी आहे. सभा बोलावणे, चालवणे, तहकूब करणे, समसमान मते पडली तर निर्णायक मत देणे ही त्याची कामे. त्याला लोक थेट निवडत नाहीत, नगरसेवक आपल्यातून निवडतात, तेही अडीच वर्षांसाठी. आणि पद कोणत्या प्रवर्गाला जाणार ते मंत्रालयातल्या सोडतीत ठरते.

त्याच कायद्याचे ६७ वे कलम सांगते की कायदा अमलात आणण्याचे संपूर्ण कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतील. म्हणजे निविदा काढणे, देयके मंजूर करणे, अभियंत्याला निलंबित करणे, अनधिकृत बांधकामावर बुलडोझर पाठवणे हे सगळे त्यांचे. या कलमातले एक पोटकलम तर पालिकेच्या गल्लीबोळात क्रमांकानेच ओळखले जाते: ‘सदुसष्ट तीन क’. अचानक अपघात, पूर किंवा तसेच काही अनपेक्षित संकट आले तर आयुक्तांनी आधी काम करून घ्यावे आणि मग स्थायी समितीला आणि सभागृहाला कळवावे, अशी त्यात सोय आहे. आता ‘अनपेक्षित’ म्हणजे काय? दरवर्षी जूनमध्ये येणारा पाऊस अनपेक्षित का? या एका शब्दावर कित्येक महासभा तासन्‌तास पेटलेल्या आहेत.

वृत्तपत्रांत रोज एक वाक्य छापून येते: ‘महापौरांनी प्रशासनाला कडक निर्देश दिले.’ निर्देश द्यायला महापौरांना कोणी अडवत नाही. ते पाळायचे की सभागृहाच्या भावना म्हणून फायलीत लावून ठेवायचे, हे मात्र समोरच्या खुर्चीवरचा माणूस ठरवतो.

ही रचना कोणी स्वातंत्र्यानंतर बसून ठरवलेली नाही. तिचे मूळ १८६५ च्या मुंबईत आहे. त्या वर्षी कायदा होऊन मुंबईला सर्वाधिकारी म्युनिसिपल कमिशनर मिळाला आणि त्या पदावर आर्थर क्रॉफर्ड आला. त्याच्यावर देखरेख होती ती सरकारने नेमलेल्या ‘जस्टिस ऑफ द पीस’ मंडळींची, म्हणजे नावापुरती. क्रॉफर्डने गटारे, रस्ते, बाजार यांची कामे झपाट्याने काढली. ज्या मंडईला पुढे त्याचे नाव मिळाले ती त्याच धडाक्यात उभी राहिली. पैसेही त्याच झपाट्याने गेले, तिजोरीला भगदाड पडले, आणि १८७१ मध्ये करदाते रस्त्यावर आले. कमिशनरचे अधिकार काढून घ्या, अशी हाक उठली.

त्या गदारोळात फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमधल्या सभेत सव्वीस वर्षांचा एक बॅरिस्टर लोकांच्या रागाविरुद्ध बोलायला उभा राहिला. फिरोजशहा मेहतांचे म्हणणे असे होते, की एकाच जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती अंमल असणे यात चूक नाही. चूक आहे ती त्याला जाब विचारणारे लोकांनी निवडलेले मंडळ नसण्यात. श्रोत्यांना ते अजिबात रुचले नाही. पण १८७२ चा कायदा बराचसा त्याच वाटेने गेला. ६४ जणांची महापालिका, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. आणि कमिशनर कायम. १८८८ च्या कायद्याने ही घडी पक्की केली. मुंबई महापालिका आजही त्याच कायद्यावर चालते. सभेच्या अध्यक्षाला ‘मेयर’ म्हणणे तर १९३१ मध्ये सुरू झाले, आणि महापौर हा आपला भारदस्त शब्द आला सावरकरांकडून. पद भारदस्त झाले, अधिकार होते तेवढेच राहिले.

मेहतांच्या तर्कात दम होता, आजही आहे. पैसे मंजूर करणारा आणि पैसे खर्च करणारा वेगवेगळा असावा. अडचण एवढीच, की ज्या सरकारने कमिशनर नेमायचा ते सरकार तेव्हा परके होते आणि त्याला मुंबईत निवडणूक लढवायची नव्हती. आज नेमणारा मुख्यमंत्री कुठल्या तरी पक्षाचा असतो आणि त्या पक्षाला त्याच शहरात नगरसेवक निवडून आणायचे असतात.

सभागृहाच्या हातात मग काय उरते? बरेच काही उरते, पण ते बहुतेक अडवण्याच्या रूपात. कर आणि दर महासभेच्या मंजुरीशिवाय ठरत नाहीत. ठरावीक रकमेच्या वरची कंत्राटे स्थायी समितीकडे जातात; म्हणूनच जाणते नगरसेवक महापौरपदापेक्षा स्थायीच्या सभापतिपदासाठी जास्त जीव टाकतात. अंदाजपत्रक आयुक्त तयार करतात, स्थायी त्यात आपली भर घालते आणि ते फुगून महासभेकडे जाते. प्रशासनाचा एखादा प्रस्ताव नको असेल तर तो फेटाळायची गरज नसते. सभा तहकूब करता येते. प्रस्ताव फेरविचारासाठी परत पाठवता येतो. किंवा तो ‘दप्तरी दाखल’ करता येतो. या दोन शब्दांइतके सभ्य दफन मराठीत दुसरे नसेल.

उलट बाजूनेही हत्यारे आहेत. सभा संपता संपता ‘आयत्या वेळचे विषय’ येतात, विषयपत्रिकेवर नसलेले ठराव सूचक-अनुमोदकांच्या दोन ओळींत मंजूर होतात आणि त्यांचा नेमका मजकूर पुढे इतिवृत्तात वाचायला मिळतो. एखाद्या भूखंडाचे आरक्षण, एखाद्या संस्थेला नाममात्र भाड्याने दिलेली जागा अशा वाटेने सरकू शकते. तेव्हा आयुक्त काय करतात? ठराव अमलात आणत नाहीत आणि कलम ४५१ चा आधार घेऊन तो विखंडित करण्यासाठी सरकारकडे पाठवतात. बेकायदा किंवा पालिकेच्या हिताविरुद्ध असलेला ठराव सरकार आधी निलंबित करते, पालिकेचे म्हणणे मागवते आणि मग तो मोडीत काढू शकते. ‘विखंडित’ हा शब्द बाहेर कोणाला माहीत नसेल, पण नगरसचिव कार्यालयातल्या शिपायालाही तो ठाऊक असतो.

आता पुन्हा बेलापूरला जाऊ. आयुक्तांची नेमणूक ज्या ३६ व्या कलमाने होते, त्याच कलमात त्यांना परत पाठवण्याची तरतूद आहे. एकूण सदस्यांपैकी पाच अष्टमांश सदस्यांनी तशा ठरावाच्या बाजूने मत दिले, तर सरकारने आयुक्तांना परत बोलवावे. १११ चे पाच अष्टमांश होतात ६९ आणि वर थोडे, म्हणजे ७० मते हवीत. पडली १०४. कलमाची भाषा बोलवता येईल अशी सैल नाही, बोलवावे अशी आहे. पण ४५१ वे कलम सांगते की सभागृहाचा कोणताही ठराव सरकार निलंबित करू शकते. एका कलमाने सभागृहाला दिलेली एकमेव तलवार दुसऱ्या कलमाने म्यानात घालता येते, आणि २०१६ मध्ये ती तशी घातली गेली. तेव्हा राज्यात देवेंद्र फडणवीसांचे सरकार होते. पालिकेत राष्ट्रवादीची सत्ता होती. ठरावाच्या विरोधात गेलेली सहाही मते भाजपची होती.

मुंढे मे २०१६ मध्ये आले तेव्हापासून त्यांनी अतिक्रमणांवर कारवाई लावली होती, काही अधिकाऱ्यांना निलंबित केले होते आणि ‘वॉक विथ कमिशनर’ नावाने सकाळी उद्यानांत थेट नागरिकांच्या तक्रारी ऐकायला सुरुवात केली होती. नागरिकांना ते भलतेच आवडले. ठरावाच्या वेळी त्यांच्या बाजूने लोक रस्त्यावर आले. नगरसेवकांची तक्रार होती की आयुक्त भेटत नाहीत, प्रभागातली कामे अडली, सभागृहाचा मान राखला जात नाही. ही तक्रार हसण्यावारी नेणे सोपे आहे. पण क्षणभर नगरसेवकाच्या घरी बसून पाहावे. सकाळी सातला दारात माणूस उभा असतो: गटार तुंबले आहे, नळाला पाणी नाही, दाखला मिळत नाही. त्याला कायद्याचे ६७ वे कलम माहीत नसते. त्याने मत ज्याला दिले त्याच्याकडे तो येतो. नगरसेवकाच्या हातात फोन असतो. पलीकडून अधिकाऱ्याने फोन उचललाच नाही, तर त्याच्याकडे त्या माणसाला द्यायला काहीही उरत नाही. आता तोच माणूस रविवारी सकाळी उद्यानात जाऊन आयुक्तांना भेटतो आणि सोमवारी गटार साफ होते. नगरसेवकाच्या पोटात गोळा येणार नाही तर काय होईल? अर्थात त्या पोटातल्या गोळ्यामागे कधी कंत्राटदाराचीही काळजी असते, हे तितकेच खरे.

मुंढे यांची पुढची दोन शहरे या गोष्टीचा उलगडा करायला फार उपयोगी आहेत, कारण माणूस तोच, पद्धत तीच, फक्त राजकीय मांडणी वेगळी.

फेब्रुवारी २०१८ मध्ये ते नाशिकला आले. तिथे पालिकेतही भाजप आणि राज्यातही भाजप. १२२ पैकी ६६ नगरसेवक पक्षाचे, महापौर रंजना भानसी. वाद पेटला तो करावरून. नव्या आर्थिक वर्षाच्या तोंडावर आयुक्तांनी मिळकतींचे आणि मोकळ्या जागांचे करयोग्य मूल्य वाढवले. शेतकरी आणि भूखंडधारक खवळले, आणि सभागृहाने प्रश्न विचारला की कर वाढवण्याचा अधिकार महासभेचा असताना आयुक्तांनी तो परस्पर कसा वाढवला.

कायदा इथे बारीक आहे. कराचा दर, म्हणजे मूल्याच्या किती टक्के घ्यायचे, हे महासभा ठरवते. पण ते मूल्य किती, ही मोजदाद प्रशासनाची. एखाद्या जागेचे वार्षिक मूल्य हजार रुपये धरले आणि दर दहा टक्के असेल, तर कर शंभर रुपये होतो. दराला हात न लावता मूल्य चार हजार केले, की कर चारशे. महासभेच्या अधिकारावर कागदोपत्री ओरखडाही उमटलेला नसतो आणि नागरिकाच्या हातातले बिल चौपट झालेले असते. आयुक्त म्हणतात, मी कर वाढवला नाही. नगरसेवक म्हणतात, वाढवला. दोघेही खोटे बोलत नाहीत.

ऑगस्टअखेर भाजपच्याच नगरसेवकांनी अविश्वास ठराव आणला. त्यासाठी विशेष सभेची तारीखही ठरली. आयुक्तांनी मोकळ्या जागांवरची वाढ निम्म्याने कमी केली, मुख्यमंत्र्यांकडून निरोप आला आणि सभेआधीच ठराव मागे घेतला गेला. नवी मुंबईत ठराव मंजूर होऊनही निलंबित झाला, नाशिकमध्ये तो मतदानापर्यंत पोहोचलाच नाही. नोव्हेंबरमध्ये मात्र मुंढे यांची बदली झाली. ठराव हरला आणि ठराव आणणाऱ्यांना हवे होते ते तीन महिन्यांत मिळाले.

जानेवारी २०२० च्या शेवटी ते नागपूरला गेले तेव्हा चित्र उलटे होते. पालिकेत भाजपचे भक्कम बहुमत, महापौर संदीप जोशी. राज्यात महाविकास आघाडी. दोन महिन्यांत कोविड आला आणि आयुक्तांच्या हातात साथीच्या कायद्याचेही अधिकार आले. जूनमध्ये अंतर राखून बसता यावे म्हणून महासभा सुरेश भट सभागृहात भरली. प्रश्नांच्या भडिमारात शेरेबाजी व्यक्तिगत पातळीवर गेली तेव्हा आयुक्त उठले आणि सभा सोडून निघून गेले. सभागृहाच्या दृष्टीने हा अपमान होता. आयुक्तांच्या दृष्टीने अपमान आधीच झालेला होता.

पुढची लढाई सभागृहाबाहेर गेली. स्मार्ट सिटी ही वेगळी कंपनी; तिला संचालक मंडळ आहे, मुख्य कार्यकारी अधिकारी आहे, आणि तिथे महासभेचे काही चालत नाही. आयुक्त त्या पदाचे अधिकार नियुक्तीशिवाय वापरत आहेत, असा आरोप करत महापौरांनी सदर पोलीस ठाण्यात तक्रार दिली. शहराच्या प्रथम नागरिकाने शहराच्या मुख्य अधिकाऱ्याविरुद्ध पोलीस चौकीत जावे, इतके ते विकोपाला गेले. जुलैत कंपनीच्या मंडळाने ती जबाबदारी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवली. ऑगस्टअखेर मुंढे यांची नागपूरहून बदली झाली.

हिशोब मांडून पाहावा. आयुक्तांची मुदत कायद्यात तीन वर्षांपर्यंत आहे. या एका अधिकाऱ्याला नवी मुंबईत अकरा महिन्यांच्या आसपास, नाशिकमध्ये साडेनऊ आणि नागपुरात सात महिने मिळाले. तिन्ही शहरांत सभागृह त्यांच्या विरोधात होते आणि तिन्ही शहरांत सभागृहाला त्यांना हलवता आले नाही. हलवले ते मंत्रालयाने, आपला हिशोब बघून. महापौर-आयुक्त वाद म्हणतात तो दोन खुर्च्यांमधला दिसतो. त्यातली तिसरी खुर्ची मुंबईत असते आणि तिच्यावर बसणाऱ्याला नागपूरच्या किंवा नाशिकच्या महासभेत कोणी प्रश्न विचारू शकत नाही. मुंढे हे टोकाचे उदाहरण आहे, हे मान्य. पण अशा टोकालाच यंत्राचे दाते दिसतात. मिळून-मिसळून वागणारा आयुक्त आणि समजूतदार महापौर असतील तिथे तेच दाते तेल घातलेले असतात, इतकेच. आणि कधी कधी ते तेल कुठून येते हेही विचारायला हवे.

महापौरांना खरे अधिकार द्यायचा प्रयोग महाराष्ट्राने एकदा केला होता. १९९८ मध्ये युतीच्या काळात मुंबई आणि नागपुरात ‘महापौर परिषद’ आली: छोट्या मंत्रिमंडळासारखी, खाती वाटून घेतलेली. वर्ष-दीड वर्षात ती गुंडाळली गेली. कोलकात्याने मात्र १९८० च्या कायद्याने हीच पद्धत स्वीकारली आणि टिकवली. तिथे बातमी असते ती महापौराच्या निर्णयाची, आयुक्ताचे नाव फारसे कोणाला माहीतही नसते. ती शहरे त्यामुळे स्वच्छ झाली असे कोणी म्हणणार नाही. पण शिव्या कोणाला घालायच्या हे तिथल्या मतदाराला ठाऊक असते.

आपल्याकडे भांडणाचा उलटा प्रयोग मात्र आपोआप झाला. महापालिकांच्या मुदती संपत गेल्या, निवडणुका न्यायालयात अडकल्या आणि सभागृहेच उरली नाहीत. नवी मुंबईत मे २०२० पासून, मुंबईत मार्च २०२२ पासून आयुक्तच प्रशासक झाले. या काळातल्या एखाद्या फायलीचा प्रवास पाहण्यासारखा आहे. आयुक्त म्हणून त्यांनी प्रस्तावावर सही करायची, ‘स्थायी समितीपुढे सादर’. मग प्रशासक म्हणून, स्थायी समितीचे अधिकार वापरून, त्याच माणसाने त्याच प्रस्तावाला मंजुरी द्यायची. अंदाजपत्रकही आयुक्तांनी प्रशासकांना सादर करायचे. फोटोत एक अधिकारी आयुक्त-प्रशासकांच्या हातात पुस्तक देताना दिसतो. तहकुबी नाही, उपसूचना नाही, आयत्या वेळचे विषय नाहीत. कामे झपाट्याने झाली असे सांगणारे लोक आहेत. पण गटार तुंबल्यावर सकाळी सातला कोणाच्या दारात जायचे, हे या काळात कोणालाच कळत नव्हते. माजी नगरसेवकांच्या दारात लोक जातच राहिले, फक्त आता त्यांचे फोन उचलण्याचे बंधन मुळीच कोणावर नव्हते.

जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महापालिकांच्या निवडणुका एकदाच्या झाल्या. बेलापूरच्या त्या सभागृहात साडेपाच वर्षांनंतर पुन्हा नगरसेवक बसण्याची वेळ आली. नवी मुंबईत सदस्यसंख्या आजही १११ आहे. आयुक्तांना परत पाठवायला अजून ७० मतेच लागतात, आणि ४५१ वे कलमही होते तिथेच आहे.